मुलांच्या व्हिडिओला गुण देताना

आज आम्ही आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहोत. आम्ही म्हणजे आमच्या गावच्या तीन बचत गटांतल्या तिघी जणी. चूक तशी मोठी होती, पण वेळेत कळली आणि तिच्यातून एक कामाचा कागद तयार झाला. तो कागद तुम्हालाही उतरवून घेता येईल, म्हणून वही-पेन हाताशी ठेवा. कुठे लिहायचं ते आम्ही सांगू.

गोष्ट अशी. आमच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना प्रकल्प म्हणून मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ करायला सांगितला होता. चार-चार मुलांचे सहा गट पाडले. विषय गावातलाच घ्यायचा. कुणी शेळीच्या आजारावर केला, कुणी एसटीच्या वेळांवर, कुणी कचऱ्यावर. आपण शाळा व्यवस्थापन समितीत जातोच. कायद्याने तिथे निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा गुरुजी म्हणाले, "ताई, परीक्षक तुम्हीच व्हा. आम्ही रोज शिकवतो, आमचं मन आधीच बनलेलं असतं. तुम्ही दहापैकी गुण द्या." आम्हीही हौसेने हो म्हणालो. दहापैकी गुण द्यायला काय लागतं, असं वाटलं.

पहिला नंबर आला जलसंजीवनीच्या व्हिडिओचा. जुलाब लागले की घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, तो विषय. काय सुंदर व्हिडिओ होता! चित्र लख्ख, मागे बासरीचं संगीत, पाटीवर फुलं काढून नाव लिहिलेलं, आणि बोलणारा मुलगा अगदी बातम्या देतात तसा. आम्ही तिघींनी ९, ८ आणि ९ गुण दिले. शेवटचा नंबर आला पाण्याच्या टाकीच्या व्हिडिओचा. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात आणि मग ओटी टेस्टने तपासतात, ते मुलांनी दाखवलं होतं. पण चित्र धुरकट, वर टाकीवरचा वारा आणि खाली मोटारीची घरघर. त्याला मिळाले ५, ७ आणि ४. तीसपैकी एकाला २६ आणि एकाला १६. टाळ्या झाल्या, वह्या-पेनं वाटली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या आशाताई धावत आल्या. "अहो, तुम्ही तो व्हिडिओ नीट ऐकला का? पोरगा म्हणतोय, एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि एक-दोन चमचे मीठ!"

मैत्रिणींनो, बरोबर माप आहे एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे छोटे सहा चमचे साखर आणि छोटा अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट घ्यायचे, शिगोशीग नाही. मीठ जास्त झालं तर जुलाबाने सुकलेल्या बाळाला ते घातक ठरतं. (ओआरएसचं पाकीट घरात असेल तर तेच वापरा आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला.) मग मुलांनी हे एक-दोन चमचे कुठून आणलं? त्यांनी एका कागदावरून उतरवलं होतं. त्यावर १/२ असं लिहिलेलं होतं. म्हणजे अर्धा. बोलणाऱ्याने ते वाचलं एक-दोन. चौघांतल्या कुणालाही खटकलं नाही, आणि आम्हा तिघींनाही नाही. आमच्यातली एक तर तीन लेकरांची आई आहे, तिने स्वतःच्या हाताने हे पाणी किती वेळा केलंय. पण ती बासरी ऐकत होती.

तोवर तो व्हिडिओ गावातल्या कितीतरी मोबाईलवर पोचला होता. आशाताईंनी आणि आम्ही त्या संध्याकाळी दोन्ही वस्त्यांवर जाऊन बरोबर माप सांगितलं, प्रत्येक गटाच्या बैठकीत पुन्हा सांगितलं, आणि गुरुजींनी पालकांना चुकीचा व्हिडिओ पुसून टाकायला लावला. कुणाचं काही वाईट झालं नाही. पण आम्हाला रात्री झोप लागली नाही.

आता आमचं चुकलं कुठे? आम्ही बेइमानी केली नव्हती. आम्हाला एकच आकडा द्यायला सांगितला होता, आणि एकच आकडा द्यायचा असला की माणूस जे पहिल्यांदा डोळ्यात भरतं त्याचाच आकडा देतो. चित्र छान, म्हणून माहितीही छान वाटली. आवाज खराब, म्हणून सगळंच खराब वाटलं. एका गोष्टीची सावली दुसऱ्या गोष्टीवर पडली.

यावर उपाय आम्हाला आपल्याच गटाच्या कामात सापडला. बँकेचा माणूस आपल्या गटाची श्रेणी काढायला येतो तेव्हा काय करतो, आठवा. गट छान आहे, बायका हुशार दिसतात, असं लिहून तो जातो का? नाही. तो पंचसूत्री बघतो. बैठक नियमित होते का, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्ज दिलं जातं का, परतफेड वेळेवर आहे का, वह्या लिहिलेल्या आहेत का. प्रत्येकाला वेगळा गुण. वह्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या म्हणून थकलेली परतफेड झाकली जात नाही. आणि तो अध्यक्षांनाच विचारत नाही, मागे बसलेल्या एखाद्या मावशीला विचारतो, "तुमच्या गटाचं व्याज किती?" या पद्धतीच्या तक्त्याला शाळेत रूब्रिक म्हणतात, असं गुरुजींनी सांगितलं. आम्ही त्याला गुणतक्ता म्हणतो.

गुरुजी, आशाताई आणि आम्ही तिघी असे बसलो. पहिल्या दिवशी आमच्या यादीत अकरा मुद्दे झाले. चित्र, रंग, पोशाख, पाठांतर, सगळं त्यात. तीन मिनिटांच्या व्हिडिओत अकरा मुद्दे कोण बघणार? खोडत खोडत चार ठेवले. आशय, स्पष्टता, आवाज आणि सहकार्य. चित्र किती लख्ख आहे हे मुद्दाम काढून टाकलं, कारण तो गुण मुलाला मिळत नाही, त्याच्या घरच्या मोबाईलच्या किमतीला मिळतो.

आता लिहून घ्या. एका कागदावर चार आडव्या ओळी करा आणि प्रत्येक ओळीत चार पायऱ्या. आकड्यापेक्षा पायरीचे शब्द महत्त्वाचे, कारण तुमचा चार आणि माझा चार सारखा आहे की नाही ते शब्दांवरूनच कळतं.

पहिली ओळ, आशय. म्हणजे जे सांगितलंय ते. चौथी पायरी अशी: सगळी माहिती बरोबर आहे, गावातलं उदाहरण दाखवलंय, आणि ही माहिती कुणाला विचारून किंवा कुठे वाचून मिळाली तेही सांगितलंय. तिसरी: माहिती बरोबर, पण उदाहरण किंवा कुणाला विचारलं यातलं एखादं राहिलंय. दुसरी: किरकोळ चूक आहे किंवा माहिती अर्धीच आहे. पहिली: मुख्य गोष्टच चुकली आहे, किंवा ऐकून कुणी तसं केलं तर त्याला इजा होईल. ही शेवटची ओळ आशाताईंनी घालायला लावली. पहिल्या पायरीवरचा व्हिडिओ दुरुस्त होईपर्यंत कुणाला दाखवायचा नाही, असाही नियम केला. आणि आशयाचा गुण दुप्पट धरायचा, म्हणजे आठपैकी. बाकीचे तीन चारपैकी. एकूण झाले वीस.

दुसरी ओळ, स्पष्टता. इथे आमचा मोठा घोटाळा झाला होता, म्हणून लक्ष द्या. स्पष्टता म्हणजे चित्राची नव्हे, सांगण्याची. ज्याला तो विषय माहीत नाही त्याला एकदा पाहून काय, कसं आणि का हे क्रमाने सांगता आलं, तर चौथी पायरी. सांगता येतं पण एका ठिकाणी अडतं, तर तिसरी. दोनदा पाहावं लागलं तर दुसरी. दोनदा पाहूनही मुलांना काय सांगायचंय ते कळलं नाही, तर पहिली. आम्ही यासाठी आमच्या गटातल्या एका आजींना बसवतो. व्हिडिओ संपला की विचारतो, "आजी, काय सांगितलं पोरांनी?" आजी जे सांगतात त्यावरून पायरी ठरते. आपण स्वतःला विचारलं तर उपयोग नाही, कारण आपल्याला बऱ्याचदा ते आधीच माहीत असतं आणि मुलांनी गाळलेलं आपण मनातल्या मनात भरून घेतो.

तिसरी ओळ, आवाज. एकदा व्हिडिओ लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. कानात यंत्र घालून नाही, मोबाईलच्याच आवाजावर, कारण गावात लोक तसाच ऐकतात. प्रत्येक शब्द कळला तर चौथी पायरी. एक-दोन ठिकाणी शब्द हरवले तर तिसरी. बरेच शब्द तुटतात पण मुख्य गोष्ट ऐकू येते, तर दुसरी. मुख्य वाक्यच ऐकू येत नाही, तर पहिली. संगीताने शब्द झाकला तरी तो हरवलेलाच धरायचा, मग ती बासरी का असेना.

चौथी ओळ, सहकार्य. चौघांपैकी कुणालाही विचारलं तरी तो आपलं काम सांगतो, दुसऱ्याचं कामही सांगतो आणि कुठे अडलं, कसं सोडवलं तेही सांगतो, तर चौथी पायरी. प्रत्येकाला काम होतं पण ज्याला त्याला आपलंच माहीत, तर तिसरी. दोघांनी केलं आणि दोघे उभे राहिले, तर दुसरी. एकानेच केलं किंवा घरच्या मोठ्या माणसाने करून दिलं, तर पहिली.

तक्ता झाला, पण तेवढ्याने न्याय होत नाही. तो वापरायचा कसा, हे आम्हाला पुन्हा तेच सहा व्हिडिओ तपासताना कळलं. गुरुजींनी आधी मागच्या वर्षीचा एक जुना व्हिडिओ लावला, जो स्पर्धेत नव्हताच. त्याच्यावर आम्ही तिघींनी वेगवेगळे गुण दिले आणि मग कागद शेजारी शेजारी ठेवले. एकीचा आवाजाचा गुण चार होता, दुसरीचा दोन. का? एक पुढच्या बाकावर बसली होती, दुसरी मागे पंख्याखाली. मग पंखा बंद केला आणि तिघी एका ओळीत बसलो. ही तालीम नसती केली तर पंख्याचा दंड पोरांना बसला असता.

त्यानंतर खरे व्हिडिओ. पहिल्यांदा नुसता बघायचा, हातात पेन नाही. दुसऱ्यांदा तक्ता समोर ठेवून बघायचा, आणि मग तिघींनी न बोलता आपापल्या कागदावर खुणा करायच्या. न बोलता हे फार महत्त्वाचं आहे. आमच्यात एक ताई जरा अनुभवी आहेत, त्यांनी नुसतं "अरेरे" म्हटलं तरी आमचा दोघींचा गुण खाली जातो. खुणा झाल्या की कागद मांडायचे. एका पायरीचा फरक असेल तर जास्त जणींचा गुण धरायचा. दोन पायऱ्यांचा फरक असेल तर तीच जागा पुन्हा लावून बघायची आणि पायरीचे शब्द मोठ्याने वाचायचे. आणि हो, ज्या गटात आपलं मूल किंवा पुतण्या-भाचा आहे, त्या वेळी उठून बाहेर जायचं. आमच्यातल्या एकीला एकदा उठावं लागलं, तेव्हा तिच्या जागी आशाताई बसल्या. एका व्हिडिओला पंधरा मिनिटं धरा, सहा व्हिडिओंना दीड तास लागतो. त्याहून एका बैठकीत जास्त बघू नका. शेवटच्या पोरांच्या वाट्याला आपली जांभई येते.

आता ते दोन व्हिडिओ या तक्त्यावर कसे उतरले ते सांगतो.

टाकीचा व्हिडिओ आधी घेतला. आशयात तिघींनीही चौथी पायरी दिली. पाणीपुरवठ्याच्या दादांना विचारून केलंय, असं मुलगा व्हिडिओतच सांगतो. पावडर आधी बादलीत कालवून, निवळी टाकीत ओततात हे दाखवलंय. अर्धा तास थांबायचं, मग नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे असं समजायचं, हेही दाखवलंय. आमच्याच गावची टाकी, आमचाच नळ. दुप्पट धरून आठ गुण.

स्पष्टतेला मात्र दोघींनी तीन दिला आणि एकीने एक. दोन पायऱ्यांचा फरक! ती म्हणाली, "मला वाऱ्यामुळे ऐकूच आलं नाही, मग स्पष्ट कसं म्हणू?" मग आम्ही पुन्हा लावला आणि आजींना विचारलं. आजींनी पावडर, अर्धा तास, पिवळं पाणी असं क्रमाने सांगितलं, फक्त बादलीत का कालवायची ते सांगता आलं नाही. म्हणजे तिसरी पायरी. वाऱ्याचा दंड आवाजाच्या ओळीत बसणारच आहे, तोच दंड स्पष्टतेत पुन्हा लावायचा नाही. गुणतक्त्यात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, असं आमचं मत झालंय. एकाच थकलेल्या हप्त्याला दोनदा दंड लावला तर गटात किती भांडण होईल, तसंच हे.

आवाजाला एकीने एक, दोघींनी दोन दिला. खरंच बरेच शब्द वाऱ्यात गेले होते. पण मुलांनी शेवटी वर्गात येऊन मुख्य वाक्य पुन्हा म्हटलं होतं, पिवळं झालं तर प्या, नाही झालं तर दादांना सांगा, ते स्वच्छ ऐकू येतं. पायरीचे शब्द वाचले आणि दोनवर ठरलं. इथे आमच्यातली एक हळहळली, म्हणाली, "जुना मोबाईल आहे बिचाऱ्यांचा." पण गुण दयेने वाढवायचा नाही असं आम्ही ठरवलंय. वाढवायचा असेल तर पुढच्या वेळी सगळ्यांना सारखी सोय करून द्यायची. त्या मुलांना आवाजाचा मोबाईल बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरता आला असता, किंवा दादांचं बोलणं टाकीखाली भिंतीच्या आडोशाला घेता आलं असतं. त्यासाठी महागडा फोन लागत नाही. मात्र ते त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, हा दोष आमचा मोठ्यांचा.

सहकार्याचं तर आश्चर्य. व्हिडिओत एकच मुलगा दिसतो, म्हणून पहिल्या वेळी आम्हाला वाटलं होतं यानेच सगळं केलं. आता आम्ही कॅमेऱ्यात न दिसलेल्या एका मुलीला विचारलं, "तू काय केलंस गं?" ती म्हणाली, "मी दादांना विचारायचे सात प्रश्न लिहिले. मोबाईल हिने धरला. तिला टाकीवर चढायला घरून परवानगी नव्हती, म्हणून खालचं सगळं तिने घेतलं आणि वरचं याने. पहिल्यांदा घेतलं ते वाऱ्याने वाया गेलं, म्हणून शेवटचं वाक्य वर्गात घेतलं." एका दमात सगळ्यांची कामं आणि अडचण सांगून मोकळी. चार गुण. एकूण झाले आठ, तीन, दोन आणि चार. वीसपैकी १७.

आता जलसंजीवनी. आशय पहिली पायरी, यात वाद नाही. दुप्पट धरून दोन गुण. स्पष्टता चार, कारण आजींनी सगळं क्रमाने सांगितलं, अगदी ते चुकीचं मीठसुद्धा! म्हणूनच तर तो व्हिडिओ धोक्याचा. चूक जितकी स्पष्ट सांगितली तितकी ती लोकांच्या पक्की लक्षात राहते. आवाजाला तीन, कारण साखर सांगताना बासरी वर आली आहे आणि सहा की दहा ते नीट कळत नाही. हे पहिल्या वेळी आमच्या तिघींच्या लक्षातच आलं नव्हतं, डोळे मिटल्यावर आलं. सहकार्याला आम्ही विचारलं, "ते पाण्याचं भांडं आणि पाटी एकाच वेळी दिसतात, ते कसं केलंत रे?" चौघेही एकमेकांकडे बघायला लागले. मग एकाने सांगितलं, "माझ्या दादाने जोडून दिलं, तो पुण्याला असतो." बोलणं एकाचं, चित्रण दुसऱ्याचं, आणि बाकीचे दोघे भांडं आणि पाटी धरून उभे. दुसरी पायरी, दोन गुण. दादाची मदत घेतली म्हणून पहिल्या पायरीवर ढकलायचं का, यावर बराच खल झाला. पण बोलणं आणि चित्रण मुलांचंच होतं, म्हणून दोनवर ठेवलं. एकूण दोन, चार, तीन आणि दोन. वीसपैकी ११.

एक सांगायला हवं. या मुलांना रागावायचं नव्हतं, आणि त्यांना दिलेल्या वह्या-पेनं आम्ही परत घेतली नाहीत. बक्षीस आमच्या चुकीने गेलं होतं. गुरुजींनी त्यांना तक्ता दाखवला आणि विचारलं, "तुमचा गुण कुठे गेला ते तुम्हीच शोधा." त्यांनी दहा मिनिटांत शोधला. मग आशाताईंकडे जाऊन माप विचारलं, मिठाचं आणि साखरेचं वाक्य पुन्हा घेतलं, बासरी काढून टाकली. आशाताईंचं नाव मात्र व्हिडिओत घ्यायला विसरले, म्हणून आशय तिसऱ्या पायरीवर, दुप्पट धरून सहा. बासरी गेल्यावर आवाज चार. आता एकूण १६. आणि या खेपेला ते वाक्य पाटी धरून उभ्या राहिलेल्या मुलाने म्हटलं होतं. सहकार्याचा गुण आम्ही तरीही दोनच ठेवला, कारण एका वाक्याने चौघांचं काम होत नाही. मुलगा थोडा हिरमुसला, पण तक्ता समोर होता, त्यामुळे का ते त्याला विचारावं लागलं नाही.

या तक्त्याने सगळंच मोजता येतं असं नाही. एसटीच्या वेळांचा व्हिडिओ बघून आम्ही पोट धरून हसलो होतो, एका मुलाने कंडक्टरची हुबेहूब नक्कल केली होती. त्या नकलेला तक्त्यात ओळ नाही. आम्ही त्याच्या कागदाखाली शब्दांत लिहिलं की नक्कल फार आवडली, गुण मात्र दिला नाही. काही जणींना हे कोरडं वाटतं. वाटू दे. त्याच व्हिडिओत संध्याकाळच्या गाडीची वेळ चुकीची होती, आणि ती गाडी चुकली तर कॉलेजच्या मुलींना रात्री तालुक्याला अडकावं लागतं. सहकार्याचा गुणही आम्ही गटाला देतो, एकेका मुलाला नाही. एखादं मूल लाजरं असतं, परक्या बाईसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. अशा वेळी आम्ही गुरुजींनाच विचारायला लावतो आणि आम्ही दाराशी थांबतो. मुलांकडून कामाची नोंदही मागतो. वहीचं एकच पान, कोणत्या दिवशी कुणी काय केलं एवढंच. आपल्या गटाच्या इतिवृत्तासारखं. पण ते पान शेवटच्या दिवशी एका हाताने, एका पेनाने लिहिलेलं असेल तर ओळखू येतं, तेही आपल्या इतिवृत्तासारखंच.

आता या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा व्हिडिओ होणार आहेत. या खेपेला तक्ता मुलांच्या हातात पहिल्याच दिवशी दिलाय, वर्गाच्या भिंतीवरही लावलाय. आवाजासाठी शाळेचा एकच मोबाईल सगळ्या गटांनी वापरायचा, असं ठरलंय. तक्ता लावला त्या दिवशी टाकीच्या गटातली ती प्रश्न लिहिणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आशयाच्या ओळीत अजून एक लिहा. आकडे अक्षरात लिहून वाचायचे. अर्धा म्हणजे अ-र-धा." गुरुजींनी खडू तिच्याच हातात दिला.